झुरळं मोजणारं स्वयंपाकघर

महिन्यातून एकदा रात्री अकराच्या पुढे शटर अर्धं खाली येतं आणि पाठीवर पंप लावलेला माणूस हॉटेलच्या स्वयंपाकघरात शिरतो. ओट्याखाली, मोरीत, भिंतींच्या कडेने फवारतो, पावतीवर सही घेतो आणि निघून जातो. सकाळी केर काढताना सुपलीभर मेलेली झुरळं निघतात, मालकाला पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. मग तीन-चार आठवडे गेले की चहाच्या काउंटरमागे एक दिसतं, पिठाच्या डब्यामागे दोन दिसतात. मालक म्हणतो, औषधात पाणी घालतात हे लोक. फवारणारा म्हणतो, तुमच्याकडे स्वच्छता नाही. दोघांच्याही म्हणण्यात थोडंफार तथ्य असू शकतं, पण खरं कारण झुरळाच्या जगण्याच्या पद्धतीत आहे. ते एकदा कळलं की महिन्याची फवारणी का पुरत नाही आणि त्याऐवजी काय करायला हवं, याचं सगळं वेळापत्रक त्यातूनच निघतं.

आपल्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत मुख्यतः दोन जातींची झुरळं असतात. एक मोठं, तांबूस तपकिरी, दीड इंचापर्यंत लांब. ते गटारात आणि चेंबरमध्ये राहतं आणि मोरीच्या जाळीतून वर येतं. गिऱ्हाईक किंचाळतं ते बहुधा याला बघून, पण ते बाहेरून येणारं आहे, त्याची वाट बंद केली की त्रास बराच कमी होतो. दुसरं असतं जेमतेम अर्धा इंच, फिकट तपकिरी, डोक्यामागच्या ढालीवर दोन काळ्या उभ्या पट्ट्या असलेलं. याला जर्मन झुरळ म्हणतात. हे बाहेरून फिरायला येत नाही, ते स्वयंपाकघरातच जन्मतं आणि तिथेच मरतं. माणसाच्या वस्तीबाहेर, रानात, ते कुठेच राहत नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासानुसार ही जात सुमारे एकवीसशे वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात आशियाई झुरळापासून वेगळी झाली आणि माणसाबरोबर जगभर पोहोचली. माणसाच्या चुलीजवळ राहायला ती इतकी सरावलेली आहे. या लेखात मी मुख्यतः याच छोट्या झुरळाबद्दल लिहिणार आहे, कारण हॉटेलवाल्यांचा खरा झगडा त्याच्याशी असतो.

त्याच्या तीन सवयी लक्षात ठेवायच्या. पहिली अंड्यांची. मादी आपली तीस ते चाळीस अंडी एका कडक, लांबट डबीत घालते आणि ती डबी पोटाच्या मागच्या टोकाला अडकवून, पिल्लं बाहेर पडायच्या बेताला येईपर्यंत सोबत बाळगते. हा काळ साधारण तीन ते चार आठवड्यांचा. या दिवसांत ती फारशी खात नाही, फारशी हलत नाही, फटीत दडून असते. म्हणजे फवारा तिच्यापर्यंत पोहोचायची शक्यता कमी, आणि आमिष तिने खाण्याची शक्यताही कमी. शिवाय डबीचं कवच फवाऱ्याला दाद देत नाही. मादी मेली तरी शेवटच्या दिवसांत आलेल्या डबीतून पिल्लं निघू शकतात. आता हिशोब करा. एक तारखेला फवारणी झाली, उघड्यावरची झुरळं मेली. फटीतल्या मादीची डबी वीस-बावीस तारखेला फुटली. पुढच्या एक तारखेला पंपवाला येतो तेव्हा ही पिल्लं तिळाएवढी असतात आणि तो फवारतो त्या जागेपासून दूर, फटीच्या तळाशी असतात. उबदार स्वयंपाकघरात दोनेक महिन्यांत ती पूर्ण वाढतात. महिन्याची फवारणी दिसणारी झुरळं मारते, पण घराणं तसंच चालू राहतं.

दुसरी सवय फटीची. या झुरळाला पाठ आणि पोट दोन्ही बाजूंनी काहीतरी टेकलेलं आवडतं. पूर्ण वाढलेलं झुरळ चार-पाच मिलिमीटरच्या फटीत आरामात बसतं, लहान पिल्लांना एक मिलिमीटरही पुरतो. दिवसाचा बहुतेक वेळ ते असंच बसून काढतात. भरपूर तीव्र वास असलेली बरीच फवारणीची औषधं त्यांना पळवूनही लावतात, म्हणजे ओट्याखालची वस्ती उठून स्विचबोर्डात आणि फॉल्स सीलिंगमध्ये पसरते. म्हणून पुष्कळदा फवारणीनंतर आठवड्याभरात झुरळं नव्याच जागी दिसू लागतात.

तिसरी सवय आपल्या उपयोगाची. ही झुरळं एकमेकांची विष्ठा आणि मेलेली झुरळं खातात. लहान पिल्लं तर फटीबाहेर फारशी येतच नाहीत, मोठ्यांच्या विष्ठेवर वाढतात. त्यामुळे एखाद्याने आमिष खाल्लं आणि फटीत जाऊन मेलं तर त्याच्यातलं औषध आणखी काही जणांपर्यंत पोहोचतं. जिथे पंपाची नळी जात नाही तिथे झुरळ स्वतःच औषध घेऊन जातं.

पण औषधाच्या आधी मोजणी हवी. यासाठी लागतो तो बाजारात मिळणारा चिकट सापळा, पुठ्ठ्याचा, वर छपरासारखी घडी असलेला. तो झुरळं मारण्यासाठी नाही. झुरळं कुठे आणि किती आहेत ते सांगण्यासाठी आहे. साधारण बारा टेबलांच्या हॉटेलच्या स्वयंपाकघराला बारा-पंधरा सापळे पुरतात. स्वयंपाकघराचा हाताने काढलेला नकाशा कागदावर घ्यावा, त्यावर सापळ्यांच्या जागांना क्रमांक द्यावेत आणि तेच क्रमांक सापळ्यांवर, ठेवल्याच्या तारखेसह, लिहावेत. सापळा नेहमी कडेला ठेवायचा, भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे, कारण झुरळ मोकळ्या फरशीवरून चालत नाही, कडेने चालतं. पीठ उडतं किंवा पाणी सांडतं अशा जागी ठेवला तर त्याचा चिकटपणा दोन दिवसांत जातो आणि शून्य आकडा येतो, जो खोटा असतो.

आठवड्याने सापळा उचलून उजेडात धरला की त्यात बरंच वाचता येतं. नुसती बेरीज पुरत नाही. मोठी किती, पिल्लं किती, हे वेगळं लिहावं. तिळाएवढी, काळपट, पाठीवर फिकट डाग असलेली पिल्लं भरपूर असतील तर वस्ती सापळ्यापासून एक-दोन हातांच्या आत आहे, कारण पिल्लं लांब जात नाहीत. फक्त मोठी असतील आणि पिल्लू एकही नसेल तर ती बहुधा मालाबरोबर किंवा शेजारून आलेली आहेत. एखाद्या मादीच्या मागे डबी अडकलेली दिसली तर त्या जागी महिन्याभरात पुन्हा पिल्लं निघणार हे धरून चालायचं. झुरळं सापळ्याच्या कोणत्या तोंडाकडून अडकली आहेत तेही बघावं. सगळी डाव्या बाजूला दाटली असतील तर वस्ती डावीकडे. हे वाचायला आचाऱ्याच्या हाताखालचा मुलगाही दोन आठवड्यांत शिकतो, फक्त कुणीतरी त्याच्या शेजारी बसून दाखवायला हवं.

सोयीसाठी एक स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणू. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण त्यांचा चढउतार अशा जागी नेहमी दिसतो तसाच आहे. जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरचं, बारा टेबलांचं, मिसळ, थाळी आणि संध्याकाळी डोसे मिळणारं हॉटेल. मागे भांडी घासायची जागा, बाजूला कोठी. बारा सापळे लावले. पहिल्या आठवड्याची बेरीज ११८. त्यातली ४६ पाचव्या सापळ्यात, म्हणजे फ्रीजच्या मागे मोटरजवळ. ३१ सहाव्यात, पोळ्या लाटायच्या स्टीलच्या टेबलाखाली. २२ नवव्यात, भांडी घासायच्या सिंकखाली. उरलेल्या नऊ सापळ्यांत मिळून १९. म्हणजे ज्या स्वयंपाकघराला मालक आजवर सगळीकडे झुरळं आहेत असं म्हणत होता, तिथल्या तीन जागांनीच पाचातले चारांहून जास्त आकडे दिले. आता काम या तीन जागांपासून सुरू करायचं. सगळ्या भिंती भिजवण्याची गरज नाही.

फ्रीज का? मोटरची ऊब, खालच्या ट्रेमध्ये साचणारं पाणी आणि अंधार, तिन्ही एका जागी. दाराच्या रबराच्या घडीत, बिजागरीच्या टोपणाखाली, मागच्या पत्र्याच्या आत ती बसतात. फ्रीज बंद करून, ओढून, मागचा पत्रा उघडायला हवा, आणि हे काम कुणालाच आवडत नाही म्हणून राहून जातं. पत्रा उघडल्यावर मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसतात. ती त्यांची विष्ठा. तिच्या वासाने इतर झुरळं त्याच जागी गोळा होतात, म्हणून ती काढणं हे नुसतं दिसण्यासाठी नसतं. आधी व्हॅक्यूमने झुरळं, डब्या, पिसलेला कचरा सगळं ओढून घ्यायचं. यात विष लागत नाही आणि एकाच बैठकीत अंड्यांच्या डब्यांसकट वस्ती निम्म्याहून कमी होऊ शकते. व्हॅक्यूमची पिशवी लगेच घट्ट बांधून बाहेर टाकायची. मग साबणाच्या कोमट पाण्याचं फडकं आणि पूर्ण कोरडं करणं.

स्टीलच्या टेबलाचं कोडं जास्त मजेशीर आहे आणि मला वाटतं ते प्रत्येक हॉटेलवाल्याने एकदा स्वतः बघावं. या टेबलांचे पाय पोकळ नळीचे असतात. खालची प्लास्टिकची बूच कधीच हरवलेली असते, वरच्या टोकाला पत्रा आणि नळी यांच्यात बोटाच्या नखाएवढी फट असते. पाय उलटा करून टॉर्च मारली की आत पातळ तपकिरी हालचाल दिसते. वर लाटलेल्या पोळ्यांचं पीठ झिरपतं, आत ऊब राहते, कुठलीच नळी, कुठलंच फडकं तिथे पोहोचत नाही. टेबलाच्या कडेला पत्रा दुमडलेला असतो, त्या दुमडीतही तेच. इथे उपाय बुजवण्याचा आहे: पायांना नवी बुचं, वरच्या फटीत आणि दुमडीत सिलिकॉन. पण बुजवण्याच्या आधी आत आमिष द्यायचं आणि आठवडाभर थांबायचं. जिवंत वस्ती आत कोंडली तर ती दुसरी वाट शोधून शेजारच्या कपाटात जाते.

बुजवायच्या बाकीच्या जागा ठरलेल्या आहेत. सिंकच्या पाइपभोवती टाइलला पाडलेलं भोक, पाइपपेक्षा नेहमीच मोठं. गॅसची पाइप भिंतीतून येते तिथली वाट. सुटलेल्या टाइलमागची पोकळी. भिंतीला ठोकलेल्या फळीच्या लोखंडी कोनामागची जागा. स्विचबोर्डाच्या कडा. परवान्याची चौकट, दरपत्रक, कॅलेंडर, यांच्या मागचा भाग. लहान फटीला सिलिकॉन, टाइलच्या सांध्याला इपॉक्सी ग्राउट किंवा पांढरं सिमेंट, पाइपच्या मोठ्या भोकाला आत तारेची जाळी दाबून वर सिमेंट. जाळी उंदरासाठी, कारण नुसतं सिमेंट ओलं असताना तो कुरतडतो. ओल्या किंवा तेलकट जागेवर सिलिकॉन धरत नाही, महिन्यात सुटून येतो आणि त्याच्यामागे आणखी चांगली फट तयार होते. म्हणून आधी तेल काढायचं, जागा वाळवायची, मग भरायचं. हे काम एका रात्रीत होत नाही. रोज एक भिंत घेतली तर पंधरा दिवसांत स्वयंपाकघर होतं. भरलेल्या फटींची यादी नकाशावरच लाल पेनाने करावी, कारण दोन महिन्यांनी प्लंबर येऊन त्यातली एक पुन्हा फोडणार असतो आणि ती कुणाच्या लक्षात राहत नाही.

कोठी सगळ्यात जास्त दुर्लक्षित. झुरळ हॉटेलात चालत येत नाही, ते मालाबरोबर येतं. पन्हाळीदार पुठ्ठ्याचे खोके त्याचं आवडतं वाहन. पुठ्ठ्याच्या दोन कागदांमधल्या नळ्या त्याच्या मापाच्या असतात आणि चिकटवलेला गोंद त्याला खायला मिळतो. अंड्यांचे ट्रे, कोल्ड्रिंकचे क्रेट, कांद्याबटाट्याच्या गोण्या, जुनं विकत घेतलेलं मिक्सर किंवा फ्रीज, यांचंही तेच. इथे एकच सवय लावायची आहे आणि ती सगळ्यात जड जाते: खोका कोठीत जाऊच द्यायचा नाही. माल दारात उतरवायचा, खोका तिथेच उघडायचा, आतला माल प्लास्टिकच्या क्रेटमध्ये किंवा डब्यात घ्यायचा आणि पुठ्ठा त्याच दिवशी भंगारात द्यायचा. कांदेबटाटे गोणीत न ठेवता जाळीच्या क्रेटमध्ये. कोठीच्या दारात एक जास्तीचा सापळा ठेवला तर कोणत्या पुरवठादाराच्या मालाबरोबर झुरळं येतात तेही दोन महिन्यांत कळतं, आणि मग त्याच्याशी बोलायला हातात आकडा असतो.

धान्य, पीठ, डाळी झाकणाच्या डब्यांत असाव्यात. जुनं संपल्याशिवाय त्यावर नवं ओतू नये. डब्याच्या तळाशी राहिलेल्या मूठभर जुन्या रव्यात टोके वाढतात आणि वरच्या ताज्या रव्यात चढतात. हॉटेलात रोज घाईत हेच घडतं. डबा रिकामा, पुसून कोरडा, मग नवं पीठ, आणि वर तारखेची पट्टी. मांडण्या जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून झाडू फिरेल इतक्या दूर. भिंतीला टेकलेल्या पोत्यांमागे काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही, ही त्यातली खरी अडचण आहे.

रात्रीची बंद करायची पद्धत मात्र सगळ्या औषधांइतकी महत्त्वाची आहे. झुरळ खाल्ल्याशिवाय बराच काळ काढतं, पण पाण्याशिवाय त्याला पंधरवडाही कठीण जातो. म्हणून रात्रीचा शेवटचा माणूस काय करतो याला महत्त्व आहे. खरकटी भांडी सिंकमध्ये भिजत ठेवून गेला, ओलं फडकं ओट्यावर पसरलं, फरशी पुसायचा पोछा बादलीतच राहिला, तर आमिषासमोर मेजवानी मांडून ठेवल्यासारखं होतं. भांडी रात्रीच घासावीत, सिंक कोरडा करावा, पोछा पिळून उलटा टांगावा, शेगडीखालचा तेलाचा ट्रे काढून पुसावा, कचऱ्याचा डबा बाहेर जावा. फ्रीजखालच्या ट्रेमधलं पाणी रोज ओतलं तर पाचव्या सापळ्याचा आकडा नुसत्या तेवढ्यानेही खाली येतो. रात्री दीड वाजता दमलेल्या मुलाकडून हे करून घेणं सोपं नाही. भांडी घासणाऱ्याला अर्धा तास जास्तीचा पगार देणं महिन्याच्या फवारणीपेक्षा जास्त उपयोगी पडतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता औषध. आपल्याकडे स्वयंपाकघरासाठी सिरिंजमध्ये येणारं जेल आमिष मिळतं, त्यात फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असतं. ते फटीच्या तोंडाशी, बिजागरीमागे, टेबलाच्या खालच्या दुमडीत, फ्रीजच्या मागच्या पत्र्यात, मसुराच्या दाण्याएवढ्या ठिपक्यांनी द्यायचं. मोठा गोळा एकाच जागी देऊन उपयोग नाही. झुरळ रात्री थोडंच अंतर चालतं, म्हणून भरपूर लहान ठिपके हवेत आणि ते पहिल्या आठवड्याच्या आकड्यांनुसार: आपल्या उदाहरणात फ्रीज, टेबल आणि सिंक यांना सर्वांत जास्त, बाकीच्या जागी थोडे. अन्न ठेवतो त्या पृष्ठभागावर, भांड्यांवर, तव्याजवळच्या तापणाऱ्या पत्र्यावर जेल द्यायचं नाही. तापलं की ते वाळून खडे होतं.

जेल वाया जाण्याची एक नेहमीची तऱ्हा म्हणजे कुणीतरी घाबरून त्यावर बाजारातला स्प्रे मारतं. स्प्रेच्या वासाने झुरळ त्या ठिपक्याजवळ फिरकत नाही आणि आमिष वाया जातं. म्हणून जेल दिलेल्या स्वयंपाकघरात स्प्रेचा डबाच ठेवू नये. फरशी धुताना जोराचं पाणी कडेला मारून ठिपके वाहून जाणं ही दुसरी. तिसरी मात्र झुरळाकडून येते. अमेरिकेतल्या फ्लोरिडामध्ये १९८० च्या दशकात गोड आमिषाला अचानक यश मिळेनासं झालं. तिथली झुरळं ग्लुकोजच टाळू लागली होती. २०१३ साली संशोधकांनी दाखवलं की त्या झुरळांच्या जिभेला, म्हणजे तोंडाजवळच्या चव ओळखणाऱ्या पेशींना, ग्लुकोज कडू लागतं. गोड खाणारी मेली, कडू लागणारी उरली आणि त्यांचीच पिल्लं पुढे आली. म्हणून सतत एकच जेल वापरू नये, काही महिन्यांनी औषध आणि आमिषाचा गर दोन्ही बदलावेत. ताज्या ठिपक्याजवळ झुरळ येऊन मिशा लावून परत जाताना दिसलं, तर ही वेळ आली असं समजावं.

उदाहरणातल्या हॉटेलात जेल दिलं, फ्रीज आणि टेबल उघडून साफ केलं, फटी भरायला सुरुवात केली. दुसऱ्या आठवड्याची बेरीज ५१, तिसऱ्याची २२. त्याच आठवड्यात जुने वाळलेले ठिपके खरवडून नवे दिले. चौथ्या आठवड्यात ९. इथे बहुतेक जण थांबतात. पाचव्या आठवड्यात बेरीज २४ झाली आणि मालक हताश झाला. पण फोड पाहिली तर २४ पैकी २२ तिळाएवढी पिल्लं, सगळी पाचव्या सापळ्यात, आणि मोठी फक्त २. फ्रीजमध्ये कुठेतरी राहिलेली एक डबी फुटली होती. दाराचं रबर ओढून पाहिल्यावर घडीत रिकामं कवच सापडलं. ही पिल्लं मोठी व्हायला अजून पाच-सहा आठवडे होते, आणि ती फटीजवळ ताजं जेल असल्यास वाढायच्या आतच संपतात. ठिपके पुन्हा दिले. आठव्या आठवड्यात बेरीज ५, सगळ्या सापळ्यांत मिळून. म्हणूनच वेळापत्रक असं ठरतं: पहिल्या दिवशी, मग दोन आठवड्यांनी, मग चार आठवड्यांनी, आणि त्यानंतर महिन्यातून एकदा तपासणी. जेल मात्र आकडा मागेल तेव्हा आणि तिथेच. पहिल्या महिन्यात तीन फेऱ्या हव्यात, कारण अंड्यांची डबी तितकाच काळ थांबते.

हे सगळं लिहायची वही साधी, दोनशे पानी. एका पानावर नकाशा. मग प्रत्येक आठवड्याला एक ओळ: तारीख, सापळ्याचा क्रमांक, मोठी, पिल्लं, सापळा बदलला का. दुसऱ्या भागात औषध: कोणतं, त्यातला घटक, किती, कुठे दिलं, कोणी दिलं, परवाना क्रमांक. तिसऱ्या भागात दुरुस्ती: कोणती फट, कधी सांगितली, कधी भरली. शेवटचा रकाना सर्वांत उपयोगी पडतो. सांगितली आणि भरली यांत दोन महिन्यांचं अंतर दिसलं की झुरळं का जात नाहीत याचं उत्तर समोरच असतं. सापळे वाचणाऱ्या माणसाचं नाव ठरलेलं असावं आणि तो सुट्टीवर असेल तर त्याच्याऐवजी कोण, हेही.

कायदाही हेच मागतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ च्या आधारे २०११ साली आलेल्या परवाना व नोंदणी विनियमांच्या अनुसूची ४ मध्ये भोकं, नाल्या आणि किडे-उंदीर शिरतील अशा जागा बंद ठेवायला किंवा जाळी बसवायला सांगितलं आहे, आणि वापरलेल्या कीटकनाशकांच्या तारखांसह नोंदी ठेवायलाही. पेस्ट कंट्रोल करणाऱ्या व्यावसायिकाला कीटकनाशक कायदा १९६८ खाली परवाना लागतो. तो बघायला मागावा, त्याची प्रत वहीत लावावी. अन्न सुरक्षा अधिकारी तपासणीला येतो तेव्हा नुसत्या पावत्यांच्या गठ्ठ्यापेक्षा ११८ पासून ५ पर्यंत उतरलेला आकडा त्याला जास्त सांगतो. अस्वच्छ जागी अन्न तयार करण्याला कायद्याच्या ५६ व्या कलमाखाली एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

पेस्ट कंट्रोलवाल्याशी करार करतानाही फवारणीचे दिवस मोजू नयेत. सापळे लावणं, वाचणं, फटींची यादी देणं आणि आकडा ठरावीक मर्यादेवर गेल्यास मध्येच येणं, हे लिहून घ्यावं. फवारणी करायचीच झाली, म्हणजे मोरीत, चेंबरमध्ये, बाहेरच्या पॅसेजमध्ये, तर अन्न आणि भांडी झाकून किंवा बाहेर काढून, औषधाच्या पाकिटावर लिहिलेला वेळ पाळून आणि ओटे धुऊन मगच शेगडी पेटवावी.

मोठ्या झुरळाचं आणि उंदराचं वेळापत्रक वेगळं, पावसाशी बांधलेलं. जूनच्या पहिल्या जोरदार पावसात गटारं तुंबली की मोठी झुरळं वर चढतात, घुशी बिळं सोडून इमारतींत शिरतात. म्हणून मेमध्येच मोरीच्या जाळ्या बदलून पाणी धरून ठेवणाऱ्या, झुरळ अडवणाऱ्या जाळ्या बसवाव्यात आणि चेंबरची फुटलेली झाकणं दुरुस्त करावीत. लहान उंदीर सहा मिलिमीटरच्या फटीतून शिरतो. शटरखाली पेन्सिल आडवी सरकत असेल तर तोही सरकतो. त्याला शटरला रबर पट्टी आणि मागच्या दाराला ब्रशची पट्टी. विषाचे गोळे स्वयंपाकघरात कधीच नकोत, बाहेर, कुलूपबंद पेटीतच, आणि त्या पेट्यांचेही क्रमांक नकाशावर.

या पद्धतीची एक मर्यादा मान्य करायला हवी. जुन्या इमारतीत भिंत सामायिक असते. शेजारच्या बेकरीत किंवा वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत वस्ती असेल तर सापळ्यांत मोठी झुरळं येतच राहतात, पिल्लं मात्र येत नाहीत. म्हणजे आपली वस्ती संपली, येणं चालू आहे. अशा वेळी त्या भिंतीच्या बाजूला दोन-तीन सापळे जास्तीचे ठेवून महिनाभराचे आकडे घ्यावेत आणि ते घेऊन शेजाऱ्याकडे किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जावं. दोन्ही बाजूंना एकाच आठवड्यात जेल दिलं आणि पाइपांच्या भोकांना दोन्हीकडून सिमेंट भरलं तर खर्च वाटून घेता येतो. शेजारी ऐकत नसेल, तर त्या भिंतीवरच्या सापळ्यांची मोजणी महिन्याऐवजी दर आठवड्याला करत राहायचं, आणि जेलचे ठिपके तिथेच सगळ्यात दाट ठेवायचे.